‘स्वतःला’ की ‘एकमेकांना’: बोलीतली वाक्यं गोळा करायला बसणाऱ्या नवीन लोकांसाठी

‘त्यांनी स्वतःला दोष दिला’ आणि ‘त्यांनी एकमेकांना दोष दिला’. वाचताना दोन्ही एकदम सोपी वाटतात, शाळेतल्या व्याकरणात आत्मवाचक सर्वनाम म्हणून एक ओळ येते आणि विषय संपतो. पण तुम्ही जर भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी, नाहीतर आपल्या गावच्या बोलीची नोंद करायची म्हणून, देवगड-मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात कोणासमोर वही घेऊन बसलात आणि या दोन वाक्यांचा अर्थ विचारलात तर पहिल्या अर्ध्या तासात सगळं गढूळ होतं. समोरचा माणूस म्हणतो ‘अर्थ काय, दोष दिला, झालं’. तो चुकत नाहीये, प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

मी हे काम किनाऱ्यावरच्या गावांत केलंय, आणि जे नवीन येतात ते सगळे त्याच चार-पाच जागी अडकतात म्हणून हे लिहून ठेवतोय. मुख्य उदाहरण मी पूर्ण लेखात एकच धरलंय, किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढून मासळी धरतात त्या रापणीचं, कारण ते समोरच्याला समजावून सांगावं लागत नाही आणि त्यात या विषयातल्या बहुतेक सगळ्या अडचणी आपोआप येतात.

काय काय लागेल

- कोरे पुठ्ठ्याचे कार्ड, पोस्टकार्डाएवढे, आणि दोन रंगांची स्केचपेनं
- आवाज रेकॉर्ड करायला फोन (आधी विचारून, होकारही रेकॉर्ड करून)
- वही, प्रत्येक पानावर एकच वाक्य
- कमीत कमी तीन बोलणारे, वेगवेगळ्या वेळी, एकत्र बसवून नाही. एकत्र बसवलं की वयाने मोठा जो बोलेल त्याला बाकीचे मान डोलवतात.
- आधीच लिहून ठेवलेली शब्दांची यादी: स्वतः, आपण/आपल्याला, एकमेकां-, परस्पर, आपापला, आपापसात, दुसरा. बोलीतली रूपं समोर रिकामी जागा सोडून, ती तिथे जाऊन भरायची.

१) आधी क्रियापद निवडा, सर्वनाम नंतर

हे उलटं वाटेल पण इथेच निम्मं काम होतं. तुम्हाला असं क्रियापद पाहिजे जे माणूस स्वतःवरही करू शकतो आणि दुसऱ्यावरही, आणि दोन्ही तितकंच रोजचं वाटतं. दोष देणे हे उत्तम आहे. वाचवणे चांगलं आहे (होडी उलटली, त्यांनी स्वतःला वाचवलं, त्यांनी एकमेकांना वाचवलं, दोन वेगळ्या गोष्टी). फोटो काढणे, नाव सुचवणे, आरशात बघणे हेही चालतं.

भांडणे, भेटणे, लग्न करणे, गप्पा मारणे ही घेऊ नका. यांच्यात एकमेकांपणा आधीच आत बसलेला आहे. ‘ते दोघे भांडले’ म्हटलं की एकमेकांशीच भांडले असं ऐकणारा धरतो, ‘एकमेकांशी’ हा शब्द काढला तरी अर्थ तसाच राहतो, मग तुम्ही कोणत्या शब्दाची परीक्षा घेताय? तसंच आंघोळ करणे, दाढी करणे, केस विंचरणे ही दुसऱ्या टोकाची. ‘त्यांनी दाढी केली’ म्हणजे ज्याने त्याने आपली केली, ‘स्वतःची’ म्हणायची गरज नाही आणि म्हटलं तर वाटतं की रोज न्हावी करतो आज याने स्वतः केली. इंग्रजीतही हेच आहे, ‘दे मेट’ म्हणजे एकमेकांना भेटले, ‘दे शेव्ह्ड’ म्हणजे आपापली दाढी केली, सर्वनाम नसतानाच.

२) गोष्ट ठरवा, आणि माणसं तीन तरी ठेवा

माझी गोष्ट अशी. रापण लावली आहे. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन बाजूंना माणसं ओढतायत. एका बाजूचा ओढ जास्त झाला, जाळं तिरकं झालं, मासळी निसटली. संध्याकाळी वाळूत बसून बोलणं चाललंय. माणसं: रघू, बाबू, सुऱ्या.

दोन माणसं घेऊन काम सुरू करू नका. दोघं असतील तर ‘एकमेकांना’ म्हणजे हा त्याला आणि तो याला, संपलं. एकाने दुसऱ्याला दोष दिला की एक बाण असं धरलं तर दोनच बाण. तीन झाले की पूर्ण एकमेकांपणासाठी सहा बाण लागतात, चार झाले की बारा, आणि मग प्रश्न पडतो की यातले किती बाण असले म्हणजे वाक्य खरं? हा प्रश्न दोघांत दिसतच नाही. सगळ्यात जास्त चुकीच्या नोंदी मी इथेच बघितल्यात, दोन माणसांवर तपासून ‘एकमेकां- म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाला’ असा नियम लिहून टाकलेला असतो.

३) कार्डं काढा

प्रत्येक माणूस म्हणजे एक टिंब, खाली नाव. कोण कोणाला दोष देतोय तो बाण. कार्डावर अक्षर एवढंच, वाक्य लिहायचं नाही.

कार्ड क: तिन्ही टिंबांवरून बाण निघून परत त्याच टिंबावर. रघू म्हणतो माझंच चुकलं, बाबूही तेच, सुऱ्याही तेच.

कार्ड ख: सहाही बाण, प्रत्येकाकडून उरलेल्या दोघांकडे.

कार्ड ग: फक्त तीन बाण, गोल. रघू बाबूला, बाबू सुऱ्याला, सुऱ्या रघूला.

कार्ड घ: रघू आणि बाबू दोघंही सुऱ्याला, सुऱ्या गप्प.

कार्ड च: तिघांभोवती एक मोठं वर्तुळ आणि वर्तुळावरून बाण परत वर्तुळावर. म्हणजे कोणी एकटा ‘माझं चुकलं’ म्हणत नाही, सगळे मिळून म्हणतात ‘आपल्या रापणीचंच चुकलं, दुसऱ्या कोणाचं नाही’.

कार्ड छ: हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे हेच विसरतात. सहा टिंबं, तीन एका वर्तुळात (डावीकडचा दोर ओढणारे), तीन दुसऱ्या वर्तुळात (उजवीकडचा). बाण दोनच, या वर्तुळाकडून त्या वर्तुळाकडे आणि उलट. एकाच बाजूचे लोक आपसात काहीच बोलत नाहीत.

नेदरलँड्समधल्या नायमेगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या अभ्यासकांनी २००४ साली याच कामासाठी छोट्या व्हिडिओंचा एक संच केला होता, कोण कोणाला काय करतंय याचे वेगवेगळे आराखडे नटांकडून करून घेऊन, आणि तो जगातल्या अनेक भाषांच्या बोलणाऱ्यांना दाखवला. तत्त्व तेच आहे, आधी प्रसंग, मग भाषा. गावात वीज, स्क्रीन, ऊन या भानगडी बघता मला पुठ्ठा बरा वाटतो, शिवाय समोरचा स्वतःच पेन घेऊन बाण वाढवतो, ते व्हिडिओत होत नाही.

४) ‘अर्थ काय’ विचारू नका, ‘चलात काय’ विचारा

कार्ड समोर ठेवा, गोष्ट तोंडाने सांगा, बाण बोटाने दाखवा. मग वाक्य म्हणा आणि विचारा, ‘काकानू, असा म्हटला तर चलात काय?’ तीनच उत्तरं लिहायची: चालेल, नाही चालणार, अडखळला. तिसरं उत्तर पुसून पहिल्या दोघांत ढकलायचं नाही, त्यातच खरी माहिती असते.

नाही म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न, ‘मग तुमी कसा म्हणशात?’ जे वाक्य ते आपणहून देतात ते जसंच्या तसं लिहा, प्रमाण मराठी करू नका. मालवणीत ‘तेंनी एकमेकांक दोष दिलो’ असं येईल, ‘-ना’ च्या जागी ‘-क’. ते तसंच राहू द्या, कानावर पडलं तसं.

आता एक-एक कार्ड काय देतं ते बघू.

कार्ड क वर ‘स्वतःला दोष दिला’ लगेच चालतं, ‘एकमेकांना’ लगेच नाकारतात. कार्ड ख वर बरोबर उलट. इथपर्यंत सगळे पोचतात.

कार्ड ग वर, म्हणजे गोल बाणांवर, ‘एकमेकांना’ बहुतेक जण थोडा विचार करून मान्य करतात. म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाला दिलाच पाहिजे असं नाही, प्रत्येकाने कोणाला तरी दिला आणि प्रत्येकाला कोणाकडून तरी मिळाला एवढ्यावर वाक्य उभं राहतं. कार्ड घ वर मात्र नाही म्हणतात, आणि आपणहून देतात ‘दोघांनी सुऱ्यावर ढकललं’. कारण सुऱ्या त्या व्यवहारात फक्त घेणारा आहे, देणारा नाही. हा फरक वहीत ठळक लिहा: सुटलेला बाण चालतो, सुटलेला माणूस चालत नाही. निदान दोष देण्याच्या बाबतीत तरी, याला अपवाद पुढे येतोच.

कार्ड च वर ‘त्यांनी स्वतःला दोष दिला’ पुन्हा चालतं. म्हणजे ‘स्वतःला’ या एका शब्दात दोन प्रसंग मावतात, ज्याने त्याने आपल्याला आणि सगळ्यांनी मिळून सगळ्यांना. इंग्रजी ‘देमसेल्व्ह्ज’ पण असंच दोन्हीकडे चालतं. ज्यांना हे वेगळं करायचं असतं ते मराठीत ‘ज्याने त्याने स्वतःला’ असं सांगतात, ते ऐकू आलं की समजायचं कार्ड क चालू आहे.

आणि कार्ड छ. ‘दोर ओढणाऱ्यांनी एकमेकांना दोष दिला’ म्हणा. चालतं, अगदी आरामात चालतं, जरी डावीकडच्या रघूने डावीकडच्याच बाबूला एक शब्दही बोललेला नसला तरी. सहा माणसं म्हणजे पूर्ण हिशोबाने तीस बाण लागले असते. इथे मोजायची एककं माणसं नाहीत, बाजू आहेत, आणि बाजू दोनच, त्यामुळे दोन बाणांत काम भागलं. एकच गोष्ट लक्षात ठेवा, हे चालायला ऐकणाऱ्याला दोन बाजू आहेत हे माहीत पाहिजे. रापणीत ते कोणालाही माहीत असतं. तेच सहा जण नुसते एसटी स्टँडवर उभे आहेत असं सांगून तेच दोन वर्तुळांचं कार्ड दाखवलं तर अडखळतात आणि विचारतात ‘ही वर्तुळां कसली?’ म्हणून गोष्ट बदलली की कार्डाचं उत्तर बदलू शकतं, वहीत गोष्टही लिहायचीच.

५) नकार घालून बघा

होकारार्थी वाक्यावर थांबू नका. दोन कामं नकारानेच होतात.

पहिलं. ‘त्यांनी स्वतःला नाही, एकमेकांना दोष दिला.’ हे मराठीत सरळ चालतं, म्हणजे दोन शब्दांची कामं खरंच वेगळी आहेत. हे उगाच तपासत नाही आपण. जर्मनमधे ‘झिश’ आणि फ्रेंचमधे ‘स’ हे एकच रूप दोन्ही कामं करतं, त्यांचं ‘दोष दिला’ चं बहुवचनी वाक्य नुसतं वाचून कळत नाही की स्वतःला की एकमेकांना, मग नक्की करायला ‘परस्पर’ अशा अर्थाचा शब्द जोडतात. तुमच्या बोलीत असं एखादं दोन्हीकडे चालणारं रूप आहे का हे शोधायचं असेल तर तेच रूप कार्ड क आणि कार्ड ख दोन्हीवर घेऊन बघा, दोन्हीवर चाललं तर पकडलंत.

दुसरं. ‘त्यांनी एकमेकांना दोष दिला नाही’ हे वाक्य कार्ड घ वर घ्या. तुम्हाला वाटेल की होकारी वाक्य तिथे नाकारलं म्हणजे नकारी वाक्य मान्य होणार. होत नाही! लोक तेही नाकारतात, किंवा ‘तसा नाय, सुऱ्याक दिल्यानी ना’ असं म्हणतात. नकार आला की वाक्याचा अर्थ ‘कोणीच कोणाला दिला नाही’ असा एकदम कडक होतो. मधे एक पट्टा राहतो जिथे होही नाही आणि नाहीही नाही. तुमच्या वहीत अशी जागा आली तर माणूस गोंधळलाय असं समजून ती नोंद फेकू नका, दोनदा तपासा, तसंच येणार.

६) आंब्याच्या पेट्या, म्हणजे वर सांगितलेला अपवाद

देवगडात हापूसच्या दिवसांत कोणालाही विचारा, ‘पेट्या एकमेकांवर रचल्या’ हे वाक्य चूक आहे का? अजिबात नाही. पण बाण काढा. पाच पेट्या, प्रत्येक वरची खालचीवर, बाण चार. सगळ्यात खालची पेटी कोणावरच नाही, जमिनीवर आहे. सगळ्यात वरचीवर कोणीच नाही. कार्ड घ मधे एक माणूस सुटला तर वाक्य पडलं होतं, इथे खालची पेटी सुटली तरी कोणाला खटकत नाही.

कारण नात्यात आहे. दोष देणं दुतर्फा होऊ शकतं, म्हणून ऐकणारा जमेल तेवढा पूर्ण अर्थ मागतो. ‘वर असणं’ दुतर्फा होऊच शकत नाही, ही पेटी तिच्यावर आणि ती हिच्यावर असं जगात घडत नाही, मग ऐकणारा जेवढं शक्य आहे तेवढ्यावर समाधान मानतो. ‘पोरं एकमेकांच्या मागे रांगेत उभी राहिली’ हेही तसंच. शब्दार्थाच्या अभ्यासात १९९८ साली मेरी डॅलरिंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं, की एकमेकांपणाचे कडक ते सैल असे अनेक अर्थ असतात आणि त्या प्रसंगात बसू शकेल असा सगळ्यात कडक अर्थ ऐकणारा घेतो. माझ्या अनुभवात रापण आणि पेट्या या दोन उदाहरणांवर हे म्हणणं चांगलं टिकतं, गोल बाणांच्या कार्डावर मात्र थोडं ताणलं जातं, कारण तिथे सहा बाण शक्य असूनही लोक तीनवर हो म्हणतात.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट एवढी: दोष देणे वरून निघालेला नियम वर-खाली, पुढे-मागे वाल्या वाक्यांना लावू नका, त्यांची पानं वेगळी ठेवा.

७) यादीतले फसवे शब्द

‘स्वतः’ आणि ‘स्वतःला’ वेगळे. ‘त्यांनी स्वतः दोष दिला’ म्हणजे दुसऱ्या कोणाकरवी नाही, त्यांनी जातीने दिला, आणि कोणाला दिला ते सांगितलेलंच नाही. एक ‘-ला’ गेला की बाणच बदलतो. रेकॉर्डिंग ऐकताना वाऱ्याच्या आवाजात हा ‘-ला’ किंवा ‘-क’ हमखास हरवतो, संशय आला तर परत विचारा.

‘परस्पर’. पुस्तकात याचा अर्थ एकमेकांना, पण बोलण्यात ‘त्याने मासळी परस्पर विकली’ म्हणजे आम्हाला न विचारता बाहेरच्या बाहेर विकली. ‘त्यांनी परस्पर दोष दिला’ हे बोलीत विचारलंत तर समोरचा पाठीमागे दोष दिला असं समजेल आणि तुमचं कार्ड वाया जाईल. परस्परांना, परस्परांशी असं रूप असेल तर ठीक, पण ते लिहिण्याचं मराठी आहे, वाळूत बसून कोणी म्हणत नाही.

‘आपापला’. ‘सगळ्यांनी आपापले दोर ओढले’ म्हणजे ज्याने त्याने आपला. हा शब्द वाटणी दाखवतो, बाण प्रत्येकाचा परत त्याच्याच वस्तूकडे. पण ‘आपापसात’ ला हा नियम लावू नका, ‘ते आपापसात भांडले’ म्हणजे एकमेकांशी भांडले. दिसायला एकाच कुळातले, काम उलटं. इंग्रजीतही अगदी हाच सापळा आहे, ‘अमंग देमसेल्व्ह्ज’ मधे रूप स्वतःचं आणि अर्थ एकमेकांचा, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याने ‘दे फॉट अमंग देमसेल्व्ह्ज’ चं ‘ते स्वतःमधे भांडले’ केलं की वाचणाऱ्याला ज्याच्या त्याच्या मनातलं द्वंद्व वाटतं.

‘प्रत्येकाने एकमेकांना’ असं बरेच जण बोलून जातात, विशेषतः सूचना देताना. तपासून घ्या, कारण ‘एकमेकां-’ ला मागे अनेकवचन लागतं, ‘रघूने एकमेकांना’ होत नाही, आणि ‘प्रत्येक’ एकवचनी चालतो. सावकाश विचारलं की ते ‘प्रत्येकाने दुसऱ्याला’ असं दुरुस्त करतात. ‘स्वतःला’ ला ही अट नाही, एकटा माणूस स्वतःला दोष देऊ शकतो.

८) वाक्यात वाक्य आलं की बाण कुठपर्यंत पोचतो

हे शेवटी ठेवा, समोरचा माणूस ताजातवाना असेल त्या दिवशी. ‘रघू म्हणाला की बाबूने स्वतःला दोष दिला.’ दोष कोणाला? बाबूला. आता ‘रघू म्हणाला की बाबूने आपल्याला दोष दिला.’ आता दोष रघूला (किंवा बोलणारा आणि ऐकणारा धरून ‘आपल्याला’, तो अर्थ गोष्ट सांगून बंद करायचा). म्हणजे ‘स्वतःला’ जवळच्या कर्त्याला धरतं आणि ‘आपल्याला’ लांबच्याला. मराठीतली ही दोन रूपं भाषाशास्त्रात बरीच चर्चेत आहेत, काशी वली यांनी १९७९ मधे यावर लिहिलं. नोम चॉम्स्की यांच्या १९८१ च्या मांडणीत आत्मवाचक आणि एकमेकांवाचक दोघांनाही एकाच नियमात बसवलंय, की यांना आपला धनी, म्हणजे ती ज्याच्याबद्दल आहेत तो, जवळच, त्याच छोट्या वाक्यात सापडला पाहिजे. ‘स्वतःला’ या नियमात बसतं, ‘आपल्याला’ त्यातून बाहेर पडतं.

मग ‘एकमेकांना’ कोणासारखं वागतं? ‘रघू आणि बाबू म्हणाले की पोरांनी एकमेकांना दोष दिला.’ बाण पोरांमधेच, रघू-बाबूपर्यंत कोणी नेत नाही. म्हणजे ‘स्वतःला’ सारखंच, जवळचं.

पण एक वाक्य जरूर घ्या. होड्यांची शर्यत आहे, रघू आणि बाबू वेगवेगळ्या होडीत. ‘दोघांना वाटतंय की आपण एकमेकांना हरवू.’ शब्दशः बघितलं तर दोघांच्या डोक्यात अशक्य गोष्ट आहे, हा त्याला हरवणार आणि तो याला हरवणार एकाच शर्यतीत. तरी ऐकणाऱ्याला काही विचित्र वाटत नाही, तो सरळ समजतो की रघूला वाटतं मी बाबूला हरवीन आणि बाबूला वाटतं मी रघूला. म्हणजे वाटणी आतल्या वाक्यात नाही, वरच्या ‘वाटतंय’ पाशीच झाली. इंग्रजी ‘ईच अदर’ वरही हीच चर्चा बरीच झालेली आहे. यासाठी दोन कार्डं करा: एकावर प्रत्येक डोक्यावर एक ढग आणि ढगात एकच बाण, दुसऱ्यावर प्रत्येक ढगात दोन्ही बाण. शर्यतीच्या गोष्टीवर लोक पहिलंच कार्ड उचलतात, ‘दोघांना वाटतंय आपण एकमेकांना ओळखतो’ म्हटलं की दुसरं उचलतात.

९) इंग्रजीत उतरवताना

नोंदी इंग्रजीत द्यायच्या असतील तर थोडंच लक्षात ठेवा. ‘ब्लेम’ नंतर ‘टू’ लागत नाही, आपल्या ‘-ला’ मुळे तो हात सवयीने लिहितो. ‘एकमेकांचे दोर’ साठी ‘ईच अदर’ ला मालकीचा ‘स’ लावता येतो आणि तो ‘अदर’ नंतर अपॉस्ट्रॉफीसकट एकदाच, ‘अदर्स’ असं अनेकवचन करून नाही. ‘देमसेल्व्ह्ज’ ला मात्र मालकीचं रूपच नाही, तिथे ‘देअर ओन’. दोघांसाठी ‘ईच अदर’ आणि जास्त जणांसाठी ‘वन अनदर’ हा जुना शालेय नियम आहे, चांगले लेखकही तो पाळत नाहीत, मराठीत तर दोघे असोत की दहा ‘एकमेकां-’ च आहे, तेव्हा माणसांची संख्या इंग्रजी शब्दावर सोडू नका, आकड्यात लिहा. आणि ‘दे एन्जॉइड देमसेल्व्ह्ज’ सारखी वाक्यं उदाहरणांत घेऊ नका, तिथे बाणच नाही, मजा आली एवढंच.

१०) वहीतलं एक पान कसं दिसावं

नमुना देतो, याच क्रमाने भरा:

- वाक्य, ऐकलं तसं: तेंनी एकमेकांक दोष दिलो.
- गोष्ट: रापण, जाळं तिरकं झालं, दोन बाजूंचे ओढणारे.
- कार्ड: छ.
- उत्तर: चालेल. (ग वर अडखळला, मग हो. घ वर नाही.)
- नकारी वाक्य घ वर: तेही नाही.
- आपणहून दिलेलं वाक्य: घ साठी, ‘दोघांनी सुऱ्यार ढकलल्यानी.’
- बोलणारा: गाव, वय, घरात कोणती बोली, शाळेचं माध्यम. नाव नाही, फक्त तुमचा खुणेचा आकडा.

शाळेचं माध्यम आणि घरची बोली हे रकाने रिकामे ठेवू नका. शिकलेला माणूस तुमच्यासमोर प्रमाण मराठी बोलायला लागतो, ‘एकमेकांक’ चं ‘एकमेकांना’ होतं आणि ‘आपल्याक’ च्या जागी ‘स्वतःला’ येतं, मग बोलीत लांबचा बाण नाही असा निष्कर्ष निघतो जो खरा नसतो. अशा वेळी त्याच माणसाला आठवी पायरी पुन्हा विचारा, पण तुम्ही नाही, त्याच्या घरातल्या कोणाला तरी गोष्ट सांगायला लावा आणि तुम्ही फक्त कार्ड धरून बसा.